चाकणचे साडेअठरा हजार आणि चिंचोळीचे बारा

*दादा, मी विडी घरकुलात राहते, विड्या वळते. मोठा मुलगा १९ वर्षांचा, आठवी पास, टॉवेलच्या कारखान्यात लूमवर जातो. मोबाईलमधल्या नोकरीच्या अॅपवर नाव टाकलं होतं, तिथून फोन आला. चाकणला कंपनीत हेल्पर, पगार १८,५०० अधिक ओटी, राहणं फुकट. गेटपास, मेडिकल आणि युनिफॉर्मचे मिळून १,८५० आधी फोनवरून पाठवा म्हणतात, पहिल्या पगारात परत देणार. शुक्रवारपर्यंत नाही भरले तर जागा जाईल म्हणे. इकडे गल्लीतला लेबर ठेकेदार म्हणतो, चिंचोळी एमआयडीसीत लावतो, हातात १२,०००. शेटची ८,००० उचल अंगावर आहे. पोरगं चाकणचंच धरून बसलंय. काय करू?*

ताई, १,८५० पाठवू नका. शुक्रवार असो की सोमवार, एक रुपयाही नाही. कामगार लावणारा खरा ठेकेदार कामगाराकडून पैसे घेत नाही, त्याला डोक्यामागे कमिशन कंपनीकडून मिळतं. ही अॅपसुद्धा चालतात ती माणसं शोधणाऱ्या कंपन्यांच्या पैशावर, काम शोधणाऱ्याला तिथे काही भरावं लागत नाही. युनिफॉर्म आणि बुटाचे पैसे काही ठेकेदार पहिल्या पगारातून कापतात, ते मी पाहिलंय. पण रुजू होण्याआधी, कुणाच्या तरी खासगी नंबरवर, ठरलेल्या वेळेच्या आत पैसे मागणं हे वेगळं प्रकरण आहे. मेडिकल तर फॅक्टरीच्या गेटवर किंवा त्यांच्या ठरलेल्या दवाखान्यात होतं, ते मोबाईलवर कसं होईल?

आणि जर या पत्राच्या आधीच पैसे गेले असतील तर लाजू नका. १९३० या नंबरवर लगेच फोन करा, पैसे कधी आणि कोणत्या नंबरवर गेले ते सांगा. लवकर केला तर पुढच्या खात्यात अडकलेली रक्कम थांबवता येते, दोन दिवसांनी केला तर ती बहुतेक वेळा काढून घेतलेली असते. अॅपमध्ये त्या जाहिरातीखाली तक्रार करायचं बटण असतं, तेही दाबायला सांगा. दुसरं पोरगं वाचेल.

आता पैसे मागितले म्हणजे नोकरी खोटीच, असंही लगेच धरू नका. चाकणला हेल्पर लागतात, आठवी पासही लागतात, आणि तिथल्या बऱ्याच जागा ठेकेदाराकडूनच भरल्या जातात. मी १२ वर्षं एका लेबर ठेकेदाराकडे हजेरी लिहिली, सोलापूर, मोहोळ, अक्कलकोटची पोरं गाडीत भरून तिकडे उतरवली. म्हणून मला ठाऊक आहे की खरा प्रश्न फोनवरच्या माणसाला विचारायचा असतो आणि तो कुणी विचारत नाही. पोरं विचारतात, ‘कंपनी कोणती?’ तो मोठं नाव सांगतो आणि पोरं खूश होतात. विचारायचं असतं, ‘पगार कुणाच्या नावाने होणार? पेरोल कुणाचा?’ कारण काम कंपनीत असलं तरी तुमच्या लेकाचा मालक ठेकेदाराची फर्म असणार. पगाराची स्लिप, पीएफ, ईएसआय, सगळं त्या फर्मच्या हातात. त्या फर्मचं पूर्ण नाव कागदावर जसं लिहितात तसं मागा. ‘एंटरप्रायझेस’ की ‘सर्व्हिसेस’, ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आहे की नाही, सगळं. खरा माणूस नाव एका वाक्यात सांगतो. नाव सांगताना जो घुटमळतो, ‘ते इथे आल्यावर कळेल’ म्हणतो, त्याचा फोन तिथेच ठेवायचा.

नाव मिळालं की पुढचं काम मोबाईलवर दहा मिनिटांचं आहे. लेकाला epfindia.gov.in उघडायला सांगा. ती पीएफ कार्यालयाची वेबसाइट आहे. तिथे मालकांसाठीच्या सेवांमध्ये ‘Establishment Search’ असतं. त्यात फर्मचं नाव टाकायचं, चित्रातली अक्षरं भरायची आणि शोधायचं. यादी येते, त्यात पत्ता बघून आपली फर्म ओळखायची, मग ‘View Details’ आणि त्याच्या आत ‘View Payment Details’. तिथे महिन्याच्या ओळी दिसतात, त्या फर्मने कोणत्या महिन्याचा पीएफ कधी भरला, किती रुपये आणि किती कामगारांचा. लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत, कुणीही बघू शकतं. सोलापुरातल्या शंभर पोरांमधल्या एकालाही हे कुणी सांगितलेलं मला भेटलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

ते वाचायचं असं. समजा फोनवरचा म्हणाला, ‘आमची साडेतीनशे पोरं चाकणला आहेत.’ आणि तिथे दर महिन्याला ३२०, ३४५, ३३८ असे आकडे दिसले, तर फर्म चालती आहे, पोरांचा पीएफ भरते. तिथे २१ दिसले, तर बाकीच्या सव्वातीनशे पोरांचा पीएफ कुठे जातो, हा प्रश्न आहे. शेवटची ओळ पाच महिन्यांपूर्वीची असेल तर त्याहून वाईट, ती फर्म एकतर बुडत आली आहे किंवा पोरांचे कापलेले पैसे स्वतःकडे ठेवते आहे. फक्त एक लक्षात ठेवा, एका महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो, त्यामुळे चालू महिना दिसला नाही तर बिघडलं असं नाही.

याची मर्यादाही सांगतो. पीएफ २० आणि त्याहून जास्त कामगार असणाऱ्याला लागू होतो. गल्लीतला १० पोरांचा मुकादम या यादीत सापडणार नाही आणि त्यात त्याची काही चूक नाही. आणि यादीत नाव असणं म्हणजे फोन करणारा त्या फर्मचाच, असंही नाही. भामटे चांगल्या फर्मचं नाव उसनं घेतात. म्हणून फर्म खरी निघाली तरी फोन उलट करायचा, आलेल्या नंबरवर नाही, तर फर्मच्या स्वतःच्या ऑफिसच्या नंबरवर, आणि विचारायचं, ‘तुमचा अमुक माणूस सोलापुरात पोरं घेतोय का?’ शेजारपाजारी, कुंभारीत, अशोक चौकात कुणाचा तरी पोरगा चाकणला असतोच. त्याच्याकडून कंपनीच्या गेटवर चौकशी करून घेतली तर उत्तमच. सिक्युरिटीवाल्याला ठेकेदारांची नावं पाठ असतात.

आता पगार. साडेअठरा हजार हा आकडा जाहिरातीतला आहे, हातातला नाही. याला तिकडे ‘सीटीसी’ म्हणतात, म्हणजे कंपनीला एका कामगारामागे पडणारा सगळा खर्च. ठेकेदार हा आकडा कसा बनवतो ते दाखवतो. समजा मूळ पगार आणि महागाई मिळून १३,०००, घरभाडं आणि इतर १,९००. झाले १४,९००, याला ग्रॉस म्हणतात. याच्यावर मालकाने स्वतःच्या खिशातून भरायचा पीएफ आणि त्याचा खर्च १,६९०, मालकाचा ईएसआय ४८५, दिवाळीचा बोनस महिन्यावर वाटून १,०८३, आणि रजेचे ३४२. बेरीज करा, बरोबर १८,५००. जाहिरात खोटी नाही, पण यातले ३,६०० रुपये दर महिन्याला हातात येणारच नाहीत.

आणि १४,९०० मधूनही लेकाच्या बाजूचं कापलं जाणार. त्याचा पीएफ १३,००० वर १२ टक्के, म्हणजे १,५६०. ईएसआय पाऊण टक्का, म्हणजे ११२. व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००). हातात १३,०२८. तेही सगळे दिवस भरले तर. एक खाडा झाला की २६ दिवसांच्या हिशोबाने ग्रॉसमधले सुमारे ५७० जातात. मूळ पगाराचा आकडा तुमच्याकडच्या कागदावर वेगळा असेल, पण पद्धत हीच. म्हणून फोनवर ‘पगार किती’ विचारायचं नाही, ‘ग्रॉस किती, कापून हातात किती, किती दिवसांवर’ असं विचारायचं. माझ्या हजेरीच्या काळात पहिल्या पगाराला पोरं गेटवर रडलेली मी पाहिली आहेत, आणि त्यांना कुणी लुटलेलं नव्हतं, फक्त हा हिशोब कुणी आधी सांगितला नव्हता.

राहणं फुकट म्हणजे काय तेही विचारा. बऱ्याचदा एका खोलीत आठ-दहा पोरं आणि ‘मेंटेनन्स’ म्हणून काहीतरी कापणं. जेवण फुकट असं तुमच्या पत्रात नाही. मेसचे महिन्याला ३,००० धरले तर लेकाकडे दहा हजार उरतात. खोलीचे हजार-दीड हजार कापले तर साडेआठ. आणि चिंचोळीत हातात १२,००० मिळाले, घरचा डबा, घरची खोली, जाण्यायेण्याचे हजार-बाराशे, तर पावणेअकरा उरतात. म्हणजे ओटी सोडला तर चाकण मागेच आहे.

म्हणून सगळा निर्णय ओटीवर येतो. कायद्याने जादा तासाला दुप्पट दर आहे. वरच्या हिशोबात एक तासाचे ७२ रुपये होतात, म्हणजे ओटीच्या तासाला १४३ मिळायला हवेत. ठेकेदार पुष्कळदा सिंगल देतात, ७२. महिन्यात ५० तास ओटी झाला तर एकीकडे ७,१५० आणि दुसरीकडे ३,६००. ‘ओटी सिंगल की डबल?’ एवढे चार शब्द विचारले की समोरचा ओळखतो, हे पोरगं माहितगार आहे. डबल असेल, स्लिपवर दाखवत असतील आणि काम नियमित असेल, तर चाकण सोलापूरपेक्षा चांगलं. सिंगल असेल तर एवढ्या लांब जायचं कारण मला दिसत नाही.

गल्लीतल्या ठेकेदारालाही हीच चाळणी लावा. ओळखीचा आहे म्हणून सोडू नका. ‘हातात १२,०००’ म्हणजे पीएफ आणि ईएसआय कापून १२,०००, की काहीच न कापता? न कापता असेल तर पोराला हात लागला, मशीनमध्ये बोट गेलं, तर कार्ड नाही, दवाखान्याचा खर्च तुमच्या विड्यांच्या पैशातून. ईएसआयचं कार्ड असलं तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांचं नावही घालता येतं. ‘सध्या ट्रेनी म्हणून घेतो’ असं कुणी म्हणालं तर कान टवकारा. कायदेशीर अॅप्रेंटिसला पीएफ नसतो हे खरं, पण त्याचा रीतसर करार असतो. करार नाही आणि पीएफही नाही, तर ‘ट्रेनी’ हा नुसता शब्द आहे.

माझं मत विचाराल तर पोराने आधी सहा महिने चिंचोळीला काढावेत, पीएफ लागत असेल तर. कारण आठवी पासच्या हातात सर्टिफिकेट नसतं, त्याचं सर्टिफिकेट म्हणजे पगाराच्या स्लिपा आणि पीएफचा यूएएन नंबर. ‘लूमवर तीन वर्षं काम केलं’ हे चाकणला कोण मानणार? आपल्याकडे शेटच्या वहीशिवाय त्याचा पुरावाच नसतो. सहा स्लिपा घेऊन तो अॅपवर ‘अनुभव: हेल्पर, इंजिनिअरिंग कंपनी’ असं लिहील तेव्हा त्याला येणारे फोन वेगळे असतील. त्याला बोलून दाखवा. पोरगं ऐकलं नाही आणि फर्म नीट निघाली, तर जाऊ द्या, अडवू नका.

कुठेही गेला तरी रुजू होताना कागद फक्त झेरॉक्स द्यायचे, आधार, पासबुक, फोटो. मूळ आधार कुणाच्या ताब्यात नाही. आणि एटीएम कार्ड तर अजिबात नाही. हे मी ज्याच्याकडे नोकरी केली त्या ठेकेदाराकडे डोळ्यांनी पाहिलं. खात्यात पगार कागदाप्रमाणे पूर्ण पडायचा, तपासणीला सगळं बरोबर दिसायचं, आणि पोरांची कार्डं सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये रबर लावून ठेवलेली. महिन्याच्या ८ तारखेला तो एटीएमला उभा राहायचा, प्रत्येकाच्या खात्यातून दोन-दोन हजार काढायचा आणि मग कार्ड परत ड्रॉवरमध्ये. त्या गड्ड्यांवर मी पोरांची नावं लिहिली आहेत. ती नोकरी मी सोडली, पण आधीच सोडायला हवी होती.

आधारवरची जन्मतारीख आणि शाळेच्या दाखल्यावरची तारीख जुळते का ते आत्ताच बघून घ्या. नावात एक अक्षर इकडेतिकडे असलं तर पुढे पीएफ काढताना वर्षभर हेलपाटे पडतात, आणि ते अक्षर दुरुस्त करायला रुजू होण्याआधीचे हे आठ दिवस सोयीचे. पहिल्या ठिकाणी यूएएन मिळाला की तो घरात भिंतीवर लिहून ठेवा. दुसरा ठेकेदार नवा नंबर काढतो म्हणाला तर ‘माझा जुना आहे, तोच लावा’ म्हणायचं. मला चार-चार यूएएन असलेली पोरं भेटली आहेत, प्रत्येकात चार-पाच महिन्यांचे पैसे आणि एकही निघत नाही. दोन महिने झाले की पीएफला नोंदवलेल्या मोबाईलवरून ९९६६०४४४२५ ला मिस्ड कॉल द्यायचा, किती जमा झाले त्याचा मेसेज येतो. मेसेजमध्ये काही नसेल आणि स्लिपवर मात्र कापलेलं असेल, तर ती भांडायची वेळ.

शिवाय एक शंभर पानी वही. रोज तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ, ओटी. ठेकेदार बुडवतो ते बहुतेक शेवटच्या महिन्याचे पैसे, पोरगं सोडून गेलं की. तेव्हा ही वही आणि स्लिपा लागतात. ठेकेदाराने पगार दिला नाही तर तो द्यायची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, हे कायद्यात आहे. म्हणून ठेकेदाराच्या मागे फिरण्याआधी कंपनीच्या एचआरकडे लेखी अर्ज द्यायचा, पोच घ्यायची. तिथेही झालं नाही तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात, आणि काम जिथे केलं तिथल्या. चाकणच्या पगारासाठी सोलापुरातल्या कार्यालयात खेटे घालून उपयोग होत नाही, पुण्याला जावं लागतं. चिंचोळी निवडण्याचं हेही एक कारण.

राहिली उचल. शेटला न सांगता पोरगं रातोरात गेलं तर शेवटच्या आठवड्याचा पगार जाईल आणि उचलीचा आकडा शेटच्या वहीत वाढत राहील. शनिवारी पगाराच्या वेळी तुम्ही स्वतः बरोबर जा. वही समोर ठेवून हिशोब करा, आतापर्यंत आठवड्याला किती कापले ते बघा, कारण तुमच्या मनातले आठ हजार आणि वहीतले आठ हजार एकच असतील असं नाही. राहिलेली रक्कम महिन्याला हजाराने देतो म्हणा, आणि प्रत्येक वेळी वहीत शेटची सही घ्या, मोबाईलवर त्या पानाचा फोटो काढा. शेट म्हणाले की फेडल्याशिवाय लूम सोडायचा नाही, तर शांतपणे सांगा, पैसे फेडायचे आहेत आणि फेडणार, पण उचलीपायी माणसाला कामावर अडकवून ठेवायला १९७६ पासून बंदी आहे. आपल्याकडचे बरेच शेट एवढं ऐकल्यावर हप्त्यावर येतात.

अॅपवाल्याचा फोन शुक्रवारच्या आत परत येणार, तो करतोच. तेव्हा फोन लेकाने उचलावा आणि स्पीकरवर ठेवावा, तुम्ही शेजारी बसा. ‘पेरोल कुणाचा, फर्मचं पूर्ण नाव काय? ग्रॉस किती आणि कापून हातात किती? ओटी सिंगल की डबल?’ हे तीन प्रश्न आणि मग एक वाक्य, ‘१,८५० पहिल्या पगारातून कापा, मी गेटवर येतो.’ त्यावर तो काय म्हणतो ते मला कळवा. चिंचोळीच्या ठेकेदाराने फर्मचं नाव दिलं की तेही पाठवा, यादीत कसं दिसतंय ते आपण मिळून बघू.